कॅलरीची भिशी आणि रविवारचा रस्सा

गेल्या वर्षी गौरी-गणपती उरकल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी ओट्यावर वजनकाटा ठेवला. दीड किलो मटण, सहा माणसं, नेहमीचा बेत: सुक्कं, तांबडा, पांढरा, भाकरी आणि शेवटी थोडा भात. फरक एवढाच, की पातेल्यात पडणारी प्रत्येक वस्तू आधी काट्यावरून गेली. सासूबाई बघत होत्या. म्हणाल्या, “काय सोनं मोजायलीयस काय गं?”

कारण घरातलंच होतं. तीन वर्षांत माझ्या नवऱ्याचं वजन चार किलोनं वाढलं होतं. त्यांचं म्हणणं, “आठवडाभर मी कमीच खातो, रविवारी एक दिवस खाल्लं तर काय बिघडतं?” म्हणणं चुकीचं नव्हतं. सोमवार ते शनिवार थोडं थोडं मागं ठेवायचं आणि रविवारी ते उचलायचं, ही सरळ भिशीच झाली, फक्त पैशांऐवजी कॅलरीची. शरीर चोवीस तासांनी हिशोबाची वही मिटत नाही. वजनाच्या बाबतीत आठवड्याची बेरीज जुळली तरी चालतं. पण भिशीत दोन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात: उचल किती आहे, आणि हप्ता खरंच भरला जातोय का. आम्हाला दोन्ही ठाऊक नव्हत्या.

आधी उचल. दीड किलोतली हाडं वजा केली तर साधारण अकराशे ग्रॅम मांस उरतं. चरबीचे तुकडे धरून 100 ग्रॅमला दीडशे कॅलरी धरल्या, तर सगळ्या मटणाच्या सोळाशे-साडेसोळाशे होतात. म्हणजे माणशी पावणेतीनशेच्या आसपास. मला धक्का बसला तो तेलाच्या बाटलीनं. आळणी शिजवताना, तांबड्याच्या फोडणीला आणि सुक्कं परतताना मिळून 200 ग्रॅम तेल गेलं होतं. पांढऱ्याच्या फोडणीला 20 ग्रॅम तूप. तेल असो की तूप, ग्रॅमला नऊ कॅलरी, म्हणजे झाल्या 1,980. माणशी 330. ज्या मटणाला आम्ही आठवडाभर जड-जड म्हणत होतो, त्याच्यापेक्षा ते शिजवायला घेतलेलं तेल-तूप जड निघालं.

उरलेला भार वाटणात असतो. पांढऱ्याला नारळाचं दाट दूध, काजू, खसखस, तीळ. तांबड्याला भाजलेलं सुकं खोबरं आणि पुन्हा तीळ. सुक्या खोबऱ्यात निम्म्याहून जास्त तेलच असतं. वाटणाचं सगळं मिळून माणशी सव्वादोनशे. ज्वारीच्या दोन भाकरी, प्रत्येकी 70 ग्रॅम पिठाच्या, म्हणजे 480. वाटीभर भात, कांदा-लिंबू-दही धरलं की एका ताटाची बेरीज पंधराशेच्या थोडी वर जाते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशींत बैठं काम करणाऱ्या 65 किलोच्या पुरुषाची दिवसाची गरज 2,110 कॅलरी धरली आहे, 55 किलोच्या स्त्रीची 1,660. अवजड काम करणाऱ्या पुरुषाची मात्र 3,470. हे तीन आकडे शेजारी ठेवले की आपलं ताट कुणासाठी घडलं ते कळतं. खासबागच्या मैदानात उतरणाऱ्या, पहाटेपासून तालमीत जोर-बैठका काढणाऱ्या गड्याला आणि नांगरामागं चालणाऱ्या शेतकऱ्याला हे ताट सहज पेलायचं. ताट तेच राहिलं, खाणारा खुर्चीवर बसला.

तरीही एवढ्या ताटानं दिवस बुडत नाही. सकाळी चहा आणि एक केळं, दुपारी हे ताट आणि रात्री मुगाची आमटी-भात, एवढंच खाल्लं तर दिवस दोन हजारांच्या आसपास संपतो आणि भिशीची गरजच पडत नाही. आमचा रविवार तसा नव्हता. सकाळी मटण आणायला गेलेला माणूस मिसळ खाऊन यायचा, ती साधारण साडेपाचशेची. दोन चहा, शंभर. दुपारचं ताट. आणि रात्री उरलेला रस्सा, जो मुरल्यामुळं दुपारपेक्षा फर्मास लागतो, त्याच्यासोबत दोन भाकरी, म्हणजे आणखी सातशे. एकूण 2,885. गरजेपेक्षा पावणेआठशे जास्त. सहा दिवसांत वाटले तर रोजचा हप्ता 130 कॅलरींचा. तो काही अवघड नाही. अवघड आहे तो इमानदारीनं भरणं.

नवरा म्हणायचे तो हप्ता म्हणजे सोमवार आणि गुरुवारचा उपवास. आमच्याकडं उपवासाला साबुदाण्याची खिचडी होते. एका ताटलीत 60 ग्रॅम साबुदाणा, 25 ग्रॅम दाण्याचं कूट, चमचाभर तूप, थोडा बटाटा: झाल्या पाचशे. त्यांचा रोजचा जेवणाचा डबा, दोन पोळ्या, भाजी आणि आमटी, तोही साडेपाचशेचाच. वर संध्याकाळी भूक लागली म्हणून पुन्हा निम्मी ताटली. ‘एकादशी दुप्पट खाशी’ असं आपण हसत म्हणतो, पण आमच्या घरात ते वजनात उतरलं होतं. खातं उघडलेलं, हप्ता शून्य. उपवास श्रद्धेनं धरावा, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही; पण तो भिशीत जमा धरायचा असेल तर त्या दिवशी ताक, फळं, वरईचा भात असं मोजकं काहीतरी हवं.

मग आम्ही हप्ता चहातून काढला. दिवसाला चार कप, प्रत्येकी दोन भरलेले चमचे साखर. भरलेला चमचा पाच ग्रॅमचा, म्हणजे वीस कॅलरी. प्रत्येक कपातला एक चमचा कमी केला की ऐंशी कॅलरी मागं पडतात. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात हे सांगणं सोपं नव्हतं; पहिले आठ दिवस चहा तसाच अर्धा टाकून दिला गेला. उरलेल्या पन्नासांसाठी भाजीच्या फोडणीतलं तेल माणशी छोटा चमचाभर कमी केलं. डाळ, उसळ, पिठलं, ताक यांना हात लावला नाही. तिथं कात्री लावली की चार वाजता पोट ओरडतं आणि मूठभर फरसाण पोटात जातं. 30 ग्रॅमच्या त्या एका मुठीत दीडशेहून जास्त कॅलरी असतात, आणि दिवसाचा सगळा हप्ता परत निघून जातो.

दुसरी चूक माझ्या दिरांनी करून पाहिली. शनिवारी दिवसभर जवळजवळ उपाशी राहायचं, म्हणजे हजारभर कॅलरी एकदम साठतात. कागदावर बरोबर. रविवारी ते साडेबाराला ताटावर बसले आणि तिसरी भाकरी मागितली तेव्हा अजून पांढऱ्याची वाटी संपली नव्हती. कडकडून भूक लागलेला माणूस भरभर जेवतो, आणि पोट भरल्याची जाणीव होईपर्यंत जेवण पुढं निघून गेलेलं असतं. भिशीचा हप्ता लहान आणि रोजचा असावा तो याचसाठी.

उलट्या क्रमानं, म्हणजे रविवारी आधी खाऊ आणि सोमवारपासून फेडू, असं म्हणणारेही पुष्कळ. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात झालेला एक अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. कमी खाण्याचं ठरवून घेतलेल्या पन्नाशीतल्या माणसांचं वजन आठवड्याच्या दिवसांत उतरत होतं, पण शनिवार-रविवारी ते उतरणं थांबत होतं. पाच दिवस कमाई, दोन दिवस शून्य. तिथं मटणाचा रस्सा नव्हता, पण वही तीच.

आता कटाची गोष्ट, कारण आमच्या घरात खरा वाद तिथंच झाला. तांबडा उकळून गॅस बंद केला की दहा मिनिटांत लाल तवंग वर येऊन स्थिरावतो. मी तो पळीनं अलगद काढून एका वाटीत घेतला आणि वाटी काट्यावर ठेवली. वाटीचं वजन वजा करून 60 ग्रॅम भरले. म्हणजे पाचशेहून जास्त कॅलरी, माणशी नव्वद. सासूबाईंनी उरलेल्या रश्शाकडं बघितलं आणि म्हणाल्या, “हे काय, आजाऱ्याचं पाणी?” त्यांचं खरं होतं. मिरचीचा रंग आणि मसाल्याचा वास तेलातच उतरतो. कट गेला की रश्शाचा झणका जातो. म्हणून आम्ही कट टाकत नाही. तो वाटीतून ताटाशेजारी येतो, आणि ज्यानं त्यानं छोट्या चमच्यानं एकदा घ्यायचा. चमच्यात पाच ग्रॅम येतो, तेवढ्यानं वाटीला रंगही चढतो आणि वासही. उरलेला निम्मा कट फ्रिजरमध्ये जातो. सोमवारी शंकराचा वार, तेव्हा तो चालत नाही. बुधवारी अंड्याच्या रश्शाला त्याचीच फोडणी, वेगळं तेल नाही.

माझ्या स्वतःच्या ताटाचा हिशोब वेगळा करावा लागला, आणि तो बायकांच्या कानावर घालायलाच हवा. नवऱ्यासारखाच रविवार मी काढला तर 2,885 वजा 1,660, म्हणजे सव्वाबाराशे जास्त. रोजचा हप्ता दोनशेच्या वर. सोळाशे साठमधून रोज दोनशे काढले तर तिसऱ्या दिवशी चिडचिड होते. त्यामुळं मी हप्त्यापेक्षा उचल लहान केली: एक भाकरी, भात नाही, मटण मात्र सगळ्यांएवढंच. सगळ्यांना वाढून शेवटी बसणाऱ्या बाईच्या वाट्याला रस्सा आणि भाकरी जास्त, फोडी कमी, अशी जुनी पद्धत आहे. ती पोटालाही वाईट आणि हिशोबालाही, कारण पोट धरून ठेवतात ती मटणातली प्रथिनं.

वजन कधी बघायचं, हे उशिरा कळलं. सोमवारी सकाळी काटा किलो-दीड किलो वर दाखवतो आणि माणूस घाबरून दोन दिवस उपाशी राहतो. ती चरबी नव्हे. किलोभर चरबी साठायला सात हजार सातशेच्या आसपास कॅलरी जादा लागतात. एका रविवारात तेवढ्या जात नाहीत. रश्शातलं मीठ पाणी धरून ठेवतं, भाकरी-भातातून साठणाऱ्या प्रत्येक ग्रॅम पिष्टासोबत तीनेक ग्रॅम पाणी साठतं, आणि जेवण अजून आतड्यात असतं. बुधवार-गुरुवारपर्यंत ते उतरतं. म्हणून वजन शुक्रवारी सकाळी, उपाशीपोटी, आणि तुलना शुक्रवारची शुक्रवारशी. चार शुक्रवार आकडा जागेवर राहिला तर हप्ता भरला जातोय. चढत गेला तर कुठंतरी फरसाण आहे.

ही भिशी सगळ्यांसाठी नाही. आठवड्याची सरासरी कॅलरीला लागते. रक्तातली साखर आणि रक्तदाब यांना ती लागत नाही. सासूबाईंना दाबाचा त्रास आहे, त्यांच्या रविवारच्या रश्शातल्या मिठाची भरपाई मंगळवारी आळणी खाऊन होत नाही. म्हणून पांढरा त्यांच्यासाठी मीठ घालण्याआधी बाजूला काढतो. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यानं जेवण कमी केलं आणि औषध तेवढंच ठेवलं तर साखर धोकादायक उतरू शकते. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हप्ता ठरवू नये. गरोदर बाई, वाढती मुलं, आणि उपाशी राहिल्यावर खाण्यावर ताबा सुटतो अशी माणसं यांनीही यात पडू नये.

आमच्या कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला कॅलेंडर आहे, त्यावर नवऱ्याचे शुक्रवारचे आकडे पेन्सिलीनं लिहिलेले आहेत. वर्षाला अडीच किलो उतार. मिसळ महिन्यातून एकदा झाली आहे, रात्रीचा रस्सा एका भाकरीवर आला आहे. दुपारच्या ताटातलं मटण तेवढंच आहे. दिवाळीच्या आठवड्याचे चौकोन मात्र मी कोरे ठेवते. चकल्या-करंज्यांचे सलग पाच दिवस सहा दिवसांच्या हप्त्यांत बसत नाहीत. त्यांची वही भाऊबीजेनंतरच्या शुक्रवारी पुन्हा उघडते.