मस्करीची कुस्करी होते ती नेमकी कुठे?

मराठीत छेडण्याला किती शब्द आहेत, हे मोजायला मी एकदा वहीचं एक पान काढलं आणि ते भरलं. थट्टा, मस्करी, चेष्टा, फिरकी, कोपरखळी, चिमटा, टोमणा, टवाळी, टिंगल, कुचेष्टा. पानाच्या वरच्या टोकाला माणसं एकमेकांच्या जवळ बसलेली दिसतात, खालच्या टोकाला एक जण एकटा पडलेला. पण एकच वाक्य कोपरखळी म्हणून निघतं आणि टोमणा होऊन पोचतं. वाटेत त्याचं काय होतं, हा माझ्या कुतूहलाचा विषय. त्यासाठी पाहिलेल्या अनेक प्रसंगांपैकी एकच इथे उलगडून सांगते, कारण त्यात सगळं सापडतं.

२०२३ साली श्रावण अधिक होता. सांगलीकडे माझ्या मावसबहिणीने जावयाला धोंड्याच्या जेवणाला बोलावलं. पंगतीत जावई, त्याचा थोरला भाऊ, घरची मंडळी आणि मी. वाढायला धाकटी मुलगी, म्हणजे जावयाची मेहुणी. आपल्याकडे मेहुणीने दाजींना छेडायचं ही रीतच आहे. लग्नात नवऱ्या मुलाचे बूट पळवण्यापासून ती सुरू होते. रॅडक्लिफ-ब्राउन या मानववंशशास्त्रज्ञाने १९४० साली अशा नात्यांवर एक निबंध लिहिला. काही नात्यांत एकाने छेडायचं आणि दुसऱ्याने रागवायचं नाही, हा समाजानेच घालून दिलेला करार असतो, असं तो दाखवतो. सोयरीक दोन घरं जोडते, पण ती दोन असतात हेही पुसलं जात नाही. जवळीक आणि ताण एकाच वेळी सांभाळायला थट्टा उपयोगी पडते. मात्र हा करार फक्त दार उघडून देतो. आत गेल्यावर कुठे हात लावायचा, हे त्यात लिहिलेलं नसतं.

पहिली थट्टा अशी झाली. ताटात तिसरा धोंडा पडला तशी मेहुणी गाण्याच्या चालीवर म्हणाली, “दाजीऽऽ, मोजू नका हो, वाणाचे तेहेतीस वेगळे काढून ठेवलेत!” दाजी मान वर न करता म्हणाले, “मोजत नाही. तुम्हाला किती उरतात ते बघतोय.” पंगत हसली, सगळ्यात जास्त मेहुणी.

ही ऊबदार का वाटली? आवाज बदललेला होता, स्वर लांबवलेला होता आणि तेहेतीस धोंडे खाणं ही उघड अतिशयोक्ती होती. डॅकर केल्टनर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी थट्टेवरच्या संशोधनात अशा खुणांना मध्यवर्ती जागा दिली आहे. बोललेलं खरं धरायचं नाही, हे या खुणा सांगतात. दुसरं म्हणजे विषय. जावयाने जास्त खाल्लं तर सासरी त्याचा मानच वाढतो, म्हणजे टोचण्याच्या आत कौतुक दडलेलं. आणि तिसरं, मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते: परतफेडीला जागा होती. ज्या थट्टेला उलट थट्टा करता येते, तिच्यात दोघं खेळतात. जिला येत नाही, तिच्यात एक जण खेळतो आणि दुसरा खेळणं होतो.

मग दुसरी थट्टा आली. दाजींचं काम त्या जूनमध्ये गेलं होतं. सगळ्यांना माहीत होतं, पण कुणी विषय काढत नव्हतं. आग्रह करताना मेहुणी त्याच चालीवर म्हणाली, “राहा की आठवडाभर! आता काय, कंपनीनेच तुम्हाला माहेरपणाला धाडलंय!”

पंगत पुन्हा हसली. दाजीही हसले, पण फक्त ओठांनी. डोळ्यांच्या कडा हलल्या नाहीत. “हो ना,” एवढंच म्हणाले, आणि शेजारी भरलेली असतानाही वरणाची वाटी भावापुढे सरकवली. भाऊ ताटात बघत होता. कुस्करी ओळखायची तर हसू आलं की नाही हे बघून भागत नाही, कारण पंगतीत हसावंच लागतं. उत्तर अचानक आखूड झालं का, परतफेड थांबली का, हाताला उगाच काम शोधलं गेलं का, हे बघायचं. मेहुणीला ते दिसलं, आणि तिने आपण सगळे करतो तीच चूक केली. “अहो दाजी, मस्करी केली!” म्हणाली. आता त्यांना दुखण्याबरोबर विनोद न कळल्याचा आळही सोसायचा होता.

नंतर ती मला म्हणाली, “मावशी, मला तर ते अवघडलेपण मोडायचं होतं.” ती खरंच बोलत होती. क्रूगर, गॉर्डन आणि क्यूबन यांचा २००६ चा अभ्यास नेमका यावर आहे. छेडणाऱ्याला आपली थट्टा जितकी निरुपद्रवी वाटते, तितकी ती ज्याला छेडलं त्याला वाटत नाही. छेडणारा आपला हेतू धरून तिचं माप काढतो, आणि तो हेतू समोरच्याला दिसत नाही. दाजींपर्यंत हेतू पोचला नाही, शब्द पोचले. तेही थोरल्या भावासमोर. खुणा दोन्ही वेळी सारख्याच होत्या, चालसुद्धा तीच. म्हणजे नुसत्या सुराने थट्टा ऊबदार होत नाही. जखम ताजी असेल तर गाऊन केलेला स्पर्शही दुखतो.

संध्याकाळी तिने स्वयंपाकघरात, कुणी नसताना सांगितलं, “दाजी, दुपारी माझं चुकलं.” त्याला गमतीची फोडणी दिली नाही, हे बरं केलं.

पुढचे दोन महिने ती त्यांच्याशी जपून, जवळजवळ औपचारिकपणे बोलत होती. मला विचाराल तर ही दुसरी चूक. छेडणं अजिबात बंद झालं की माणसाला आपण परके झालो असं वाटतं, किंवा त्याहून वाईट, आपली कीव केली जाते असं. मी तिला एवढंच सांगितलं, की ते स्वतः कशावर हसतात ते बघ. तिने बघितलं. दाजींना मोठ्याने, सगळ्यांसमोर केलेली गंमत फारशी रुचत नाही. त्यांचा विनोद कोरडा, हळू आवाजातला, शब्दांशी खेळणारा. तिचा ढोलताशाचा. मधल्या काळात ते स्वतःच म्हणायचे, “मी सध्या भाजी खात्याचा मंत्री.” यात एक फसवी गोष्ट आहे. स्वतःवर केलेला विनोद म्हणजे इतरांना दिलेला परवाना नव्हे. टक्कल असलेला माणूस आपल्या टकलावर बोलतो, कारण मग कुठे थांबायचं ते त्याच्या हातात राहतं. मेहुणीने ते ओळखलं. बेकारी तिने पुन्हा काढली नाही. भाजीच्या पिशवीतल्या जून गवारीवर मात्र एकदा, दोघंच असताना, हळूच बोलली: “मंत्रिमहोदय, ही गवार विरोधी पक्षाची दिसते.” ते म्हणाले, “आमच्याच पक्षाची आहे, फक्त ज्येष्ठ आहे.”

दिवाळीत मी पुन्हा तिथेच होते. मेहुणीचे अनारसे तुपात सुटत होते, आपण म्हणतो तसे हसत होते. पीठ सैल झालं होतं. तिने तिसरा तुकड्या-तुकड्यांचा अनारसा झाऱ्याने बाजूला टाकला आणि कपाळाला हात लावला. दाजी दारात उभे होते.

“अहो मेहुणीबाई,” ते म्हणाले, “तुमच्या घरचा न्याय अजब. अनारसा हसला तर बिघडला, आणि दाजी नाही हसला तरी बिघडला.”

ती झारा हातात धरून त्यांच्याकडे बघतच राहिली. मग इतकी हसली, की चौथाही कढईतच गेला.