नाव तेच, कंपनी दुसरी

शेअर घेताना नाव बघून खरेदी केली आणि भलतीच कंपनी पदरी पडली, असं सांगणारे लोक भेटतात. तेव्हा पहिला प्रश्न हमखास एकच असतो: सरकार एकसारखी नावं देतंच कसं? याचं उत्तर कायद्याच्या कलमांपेक्षा एका खऱ्या जोडीवरून लवकर कळतं. ती जोडी मुंबईतच आहे, अंधेरी पूर्वेला चकाला भागात.

कोणती जोडी?

एक आहे प्रॉक्टर अँड गॅम्बल हायजीन अँड हेल्थ केअर लिमिटेड. दुसरी आहे प्रॉक्टर अँड गॅम्बल हेल्थ लिमिटेड. दोन्ही शेअर बाजारात सूचिबद्ध आहेत आणि दोन्हींचं नोंदणीकृत कार्यालय एकाच इमारतीत, पी अँड जी प्लाझामध्ये आहे. राष्ट्रीय शेअर बाजारातलं पहिलीचं चिन्ह `PGHH` आहे, दुसरीचं `PGHL`. मोबाइलच्या पडद्यावर नाव अर्धंच दिसतं, त्यामुळे एका अक्षराची चूक कशी होते हे वेगळं सांगायला नको.

धंदे मात्र वेगळे आहेत. पहिली कंपनी विक्स आणि व्हिस्परवाली. दुसरी न्यूरोबिऑन, लिव्होजेन आणि एव्हिऑनवाली. पहिलीचा भागधारक विक्सच्या नफ्यातला वाटेकरी असतो, न्यूरोबिऑनशी त्याचा पैशाचा संबंध नसतो. लाभांश वेगळा, संचालक मंडळ वेगळं, आणि दोन्हींच्या शेअरच्या भावातही हजारो रुपयांचा फरक असतो.

एकाच घराण्याच्या आहेत, मग दोन कंपन्या कशाला?

कारण त्या या घरात जन्मल्याच नाहीत, बाहेरून आल्या. पहिली १९६४ साली रिचर्डसन हिंदुस्तान या नावाने सुरू झाली आणि विक्स बनवत होती. १९८५ मध्ये अमेरिकेत प्रॉक्टर अँड गॅम्बलने रिचर्डसन-विक्स ही मूळ कंपनीच विकत घेतली. त्याबरोबर इथली कंपनीही आली आणि पुढे तिचं नाव बदललं.

दुसरीची कथा जास्त रंजक आहे. ती १९६७ साली स्थापन झालेली ई. मर्क (इंडिया), म्हणजे नंतरची मर्क लिमिटेड. जर्मनीतल्या मर्कने २०१८ मध्ये आपला ग्राहकोपयोगी औषधांचा व्यवसाय जगभर प्रॉक्टर अँड गॅम्बलला विकायचं ठरवलं. मुंबईच्या कंपनीत त्यांचा जवळपास ५२ टक्के हिस्सा होता, तोही त्या व्यवहारात गेला. मर्कने आपले बाकीचे व्यवसाय आधी या कंपनीतून आपल्याच दुसऱ्या एका खासगी कंपनीकडे हलवले. व्यवसाय विकला तरी मर्कने नाव विकलं नव्हतं. म्हणून २०१९ मध्ये कंपनीने नवं नाव घेतलं: प्रॉक्टर अँड गॅम्बल हेल्थ.

उरलेला हिस्सा सामान्य भागधारकांचा होता. एका मालकाने दोन कंपन्या घेतल्या म्हणून त्या आपोआप एक होत नाहीत. विलीनीकरणाला भागधारकांची आणि राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाची मंजुरी लागते, आणि कोणाच्या किती शेअरला दुसरीकडचे किती, हेही ठरवावं लागतं. त्यापेक्षा नाव बदलणं फार सोपं. याच समूहाची तिसरी कंपनी, प्रॉक्टर अँड गॅम्बल होम प्रॉडक्ट्स, टाइड आणि एरियल बनवते. ती खासगी आहे, तिचे शेअर बाजारात मिळतच नाहीत. टाइडचा खप बघून `PGHH` घेणाऱ्याने हे आधी समजून घ्यायला हवं.

नाव देताना सरकार तपासत नाही का?

तपासतं, आणि बारकाईने तपासतं. कंपनीचं नाव हरियाणातल्या मानेसरच्या केंद्रीय नोंदणी केंद्रात मंजूर होतं. कंपनी कायदा २०१३ आणि त्याखालचे नियम सांगतात की आधीच्या नावात नुसतं अनेकवचन केलं, शब्दांची जागा बदलली, स्पेलिंग थोडं फिरवलं, मागे ‘पुणे’ किंवा ‘मुंबई’ जोडलं किंवा `.com` लावलं, तर ते नाव वेगळं धरायचं नाही. इंग्रजी नावाचा हिंदी अनुवादही चालत नाही.

पण यात एक मोठं दार उघडं आहे. आधीच्या कंपनीने संचालक मंडळाचा ठराव करून हरकत नाही असं लिहून दिलं, तर जवळचं नाव मिळू शकतं. समूहातल्या कंपन्या या दारातून येतात, कारण परवानगी देणारे आणि मागणारे एकच असतात. गोंधळ उडतो तो गुंतवणूकदाराचा, आणि त्या ठरावात त्याला कोणी विचारत नाही. मला ही या नियमाची खरी उणीव वाटते.

दुसरी मर्यादा म्हणजे हे केंद्र कंपन्यांची आणि एलएलपींची यादी बघतं, नोंदलेले व्यापारचिन्हही बघतं, पण बाजारपेठेतली प्रत्येक पाटी बघत नाही. भागीदारी संस्थांची नोंद राज्याच्या निबंधकाकडे वेगळी होते. एकट्याच्या मालकीच्या दुकानाला तर नावाची अशी नोंद करावीच लागत नाही. त्यामुळे गल्लीतलं जुनं दुकान आणि परवा स्थापन झालेली खासगी कंपनी एकाच नावाने बिनदिक्कत उभी राहू शकतात.

नाव चुकून दिलं गेलं तर दुरुस्ती होते. व्यापारचिन्हाचा मालक कंपनीच्या नोंदणीपासून तीन वर्षांच्या आत अर्ज करू शकतो. आदेश झाल्यावर तीन महिन्यांत नाव बदलावं लागतं. नाही बदललं, तर सरकार स्वतःच तिला नवं नाव देतं, ज्याची सुरुवात `ORDNC` या अक्षरांनी होते. आदेश पाळला नाही असा त्याचा अर्थ आहे. कोणत्या बिलावर हे दिसलं, तर काय घडलं ते लगेच समजावं.

मर्क नावाच्या तर जगात दोन कंपन्या आहेत ना?

हो, आणि त्या एकमेकींच्या कोणी लागत नाहीत. १६६८ मध्ये जर्मनीतल्या डार्मश्टाट गावी मर्क घराण्याने औषधाचं दुकान घेतलं. त्याच घराण्यातल्या जॉर्ज मर्कने १८९१ मध्ये न्यूयॉर्कला शाखा सुरू केली. पहिल्या महायुद्धात अमेरिका १९१७ ला जर्मनीविरुद्ध उतरली आणि शत्रूची मालमत्ता म्हणून अमेरिकी मर्कमधला जर्मन हिस्सा जप्त झाला. तेव्हापासून दोन स्वतंत्र कंपन्या झाल्या, नाव मात्र दोघींकडे राहिलं.

मग त्यांनी जग वाटून घेतलं. अमेरिका आणि कॅनडात ‘मर्क’ हे नाव अमेरिकी कंपनीचं, तिथे जर्मन कंपनी ईएमडी नावाने वावरते. बाकी जगात नाव जर्मन कंपनीचं, आणि अमेरिकी कंपनी एमएसडी. म्हणून भारतात अमेरिकी मर्कचं औषध घेतलं तरी खोक्यावर एमएसडी दिसतं. अशी वाटणी कागदावर नीट चालते. इंटरनेट आल्यावर ती फाटू लागली, कारण संकेतस्थळाला देशाची सीमा नसते. २०१६ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयाने अमेरिकी कंपनीने करार मोडल्याचा निर्णय दिला, तो याच कारणावरून. जुनी ‘मर्क लिमिटेड’ ही जर्मन मर्कची होती. ज्यांनी ती अमेरिकी समजून घेतली, त्यांची तेव्हाही फसगत झालीच.

मग ओळखायचं कसं?

नावाने ओळखू नका, क्रमांकाने ओळखा. प्रत्येक कंपनीला २१ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक असतो, त्याला सीआयएन म्हणतात. आपल्या जोडीचे क्रमांक असे आहेत:

```
L24239MH1964PLC012971   हायजीन अँड हेल्थ केअर
L99999MH1967PLC013726   हेल्थ
```

सुरुवातीचं `L` म्हणजे सूचिबद्ध. नसती तर `U`. पुढचे पाच अंक उद्योगाचे, मग राज्य, मग स्थापनेचं वर्ष, मग प्रकार: `PLC` पब्लिक, `PTC` खासगी. शेवटचे सहा अंक नोंदणीचे. नाव बदललं तरी स्थापनेचं वर्ष बदलत नाही. म्हणून २०१९ मध्ये मिळालेल्या नावाच्या क्रमांकात १९६७ दिसतं, आणि ही आधी दुसऱ्या नावाने होती हे तिथेच कळतं. एक सावधगिरी: कंपनीचं कार्यालय दुसऱ्या राज्यात गेलं किंवा ती बाजारातून बाहेर पडली, तर हा क्रमांक बदलतो.

हा क्रमांक कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर `Company Master Data` मध्ये घातला की नाव, पत्ता, स्थापनेची तारीख आणि कंपनी चालू आहे की बंद, हे दिसतं. कंपनीच्या पत्रावर आणि बिलावर तो छापणं सक्तीचं आहे. नाव बदललेल्या कंपनीला दोन वर्षं जुनं नावही छापावं लागतं. दोन वर्षांनंतर ती खूण कागदावरून नाहीशी होते.

शेअर घेताना मात्र आयसिन बघा. पहिलीचा `INE179A01014`, दुसरीचा `INE199A01012`. सुरुवातीच्या भागात फक्त ७ आणि ९ चा फरक आहे, तेव्हा अख्खा क्रमांक ताडून पाहायला हवा. खरेदीच्या नोंदीवर, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट नोटवर, तो छापलेला असतो.

पैसे पाठवायचे असतील तर?

तिथे जीएसटी क्रमांक जास्त कामाचा. त्याचे १५ अक्षर-अंक असतात. पहिले दोन राज्याचे, महाराष्ट्राचे २७ आणि गोव्याचे ३०. पुढचे दहा म्हणजे पॅन. पॅनचं चौथं अक्षर बघा: `C` कंपनी, `F` भागीदारी किंवा एलएलपी, `P` व्यक्ती. बिलावर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ आहे आणि चौथं अक्षर `P` आहे, तर ते बिल कंपनीचं नाही. पण क्रमांक खरा असला तरी कोणीही तो उचलून छापू शकतो. म्हणून शेवटी खातेदाराचं नाव बघावं. एनईएफटी आणि आरटीजीएसमध्येही १ एप्रिल २०२५ पासून पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दाखवण्याची सोय बँकांना करावी लागली आहे.

घरात ‘मर्क लिमिटेड’चे जुने कागदी शेअर आहेत. कोणाकडे जायचं?

`PGHL` कडे. `PGHH` कडे गेलात, तर हे आमचे भागधारकच नाहीत असं उत्तर येईल, आणि ते खरंच असेल. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर होत नाहीत, आधी ते डीमॅट करावे लागतात. सात वर्षं लाभांश उचलला नसेल तर शेअर गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे गेलेले असू शकतात. ते परत मागायच्या `IEPF-5` या अर्जात कंपनीचा सीआयएन भरायचा असतो. तिथे ०१३७२६ हे शेवटचे सहा अंक आलेत ना, एवढं बघून मगच पुढे जा.