गोदाम कंपनीचे की घरचे?

ॲमेझॉनवर विकणाऱ्यापुढे दोन वाटा असतात. 'फुलफिलमेंट बाय ॲमेझॉन' घेतले, तर माल आधीच कंपनीच्या गोदामात जातो आणि पॅकिंग, रवानगी, परतावा सारे तीच सांभाळते. नाहीतर ऑर्डर आली की खोका स्वतः बांधायचा.

गोदामाचे भाडे वजनावर नव्हे, आकारमानावर ठरते: दर घनफुटाला, दरमहा. १८ बाय १२ बाय ८ इंचांची घडी केलेली गोधडी बरोबर एक घनफूट भरते. दर ४५ रुपये धरला आणि ती चार महिने पडून राहिली, तर १८० रुपये नुसते भाडे. ६ बाय ४ बाय ३ इंचांच्या कानातल्यांच्या डब्या मात्र तेवढ्याच जागेत २४ मावतात. तेवढ्याच काळात एका डबीला साडेसात रुपये पडतात. फार काळ पडून राहिलेल्या मालावर वेगळा आकारही लागतो. शिवाय ते गोदाम जीएसटी नोंदणीत व्यवसायाचे अतिरिक्त ठिकाण म्हणून दाखवावे लागते.

घरी बांधताना खोका, टेप आणि मजुरी दिसते. स्वतःचा वेळ हिशेबात कुणी धरत नाही, आणि खरी चूक तिथेच होते. पण ताबा आपला राहतो. परत आलेली गोधडी मळली आहे की नुसती उघडली आहे, हे स्वतः पाहून धुवून पुन्हा विकता येते.

लहान, झपाट्याने खपणारा माल गोदामात ठेवावा. मोठा आणि हंगामी माल घरीच बांधावा.