आईची शाळा, घरची ऐपत आणि मुलाची उंची

टोकियोत गरोदरपणाची नोंद केली की वॉर्ड ऑफिसातून ‘बोशी तेच्यो’ मिळतं, म्हणजे आई-बाळाची नोंदवही. त्यात वाढीचा आलेख असतो आणि मुलाची उंची मोजून त्यावर ठिपका मांडायचा असतो. निशिकासाईतल्या आपल्या मंडळींत हा ठिपका खाली आला की ठरलेलं वाक्य ऐकू येतं, ‘आपली मुलं मुळातच बुटकी!’ खरंच तसं आहे का? याचं बरंचसं उत्तर आपल्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आहे.

आधी मोजमाप. दोन वर्षांखालच्या बाळाला झोपवून मोजतात, त्यापुढे उभं करून. मग वयाच्या मानाने जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणाशी तुलना होते. बरोब्बर तीन वर्षांच्या मुलीची मधली उंची 95.1 सेंटीमीटर आहे. ती 87.4 च्या खाली असेल, तर वाढ खुंटलेली धरतात. समजा मुलगी 86.5 सेंटीमीटर भरली, तर ती खुंटलेल्यांत जाते. पण आईला जन्मतारीख नीट आठवली नाही आणि मुलगी प्रत्यक्षात तीन महिन्यांनी लहान असली, तर तीच मुलगी प्रमाणात बसते! या वयात मूल तीन महिन्यांत दोनेक सेंटीमीटर वाढतं. म्हणून जन्माचा दाखला बघणं उंची मोजण्याइतकंच महत्त्वाचं.

हे प्रमाण ज्या सहा देशांतल्या मुलांवरून ठरलं, त्यात नॉर्वे आहे तसा भारतही आहे. दक्षिण दिल्लीतल्या सुस्थितीतल्या, शिकलेल्या घरांतली ही मुलं इतर देशांतल्या मुलांसारखीच वाढली. धडधाकट मुलांच्या समाजात शंभरात दोन-तीनच मुलं त्या रेषेखाली असतात. महाराष्ट्रात 2019-20 मध्ये हे प्रमाण 35.2 टक्के निघालं.

आता मुख्य तक्ता. 2019-21 च्या देशभरच्या आकड्यांत शाळेत न गेलेल्या आयांची 46 टक्के मुलं खुंटलेली आहेत, तर बारावी किंवा पुढे शिकलेल्या आयांची 26 टक्के. घरच्या ऐपतीप्रमाणे पाहिलं, तर सर्वांत गरीब पाचव्या हिश्श्यात 46 टक्के आणि सर्वांत वरच्या हिश्श्यात 23 टक्के. दोन्ही तक्ते वाचून मोह होतो की शिक्षणाचे 20 आणि पैशाचे 23 अशी बेरीज करावी. ती चुकीची. बारावी झालेली मुलगी बहुतेक वेळा बऱ्यापैकी घरातलीच असते आणि लग्नही तशाच घरात होतं. एकच फरक आपण दोनदा मोजत असतो.

तो वेगळा करायचा तर एकाच ऐपतीच्या घरांतल्या शिकलेल्या आणि न शिकलेल्या आया शेजारी ठेवायच्या. सोनालडे देसाई आणि सौम्या अल्वा यांनी 1998 मध्ये 22 देशांच्या सर्वेक्षणांवर साधारण हेच केलं. नवऱ्याचं शिक्षण, पाणी, संडास आणि राहण्याचा भाग हिशेबात धरल्यावर आईच्या शिक्षणाचा परिणाम बराच आकसला. आईचं शिक्षण निरुपयोगी, असा याचा अर्थ नाही. त्याच्या खात्यावर जमा झालेलं बरंचसं श्रेय नळ आणि वस्तीचं होतं, एवढाच.

‘सर्वांत वरचा’ हा शब्दही जपून घ्यायला हवा. सर्वेक्षणात पगार विचारत नाहीत. पंखा, टीव्ही, फ्रिज, गाडी, फरशी, संडास, बँक खातं यांवरून घराला गुण देतात आणि देशाचे पाच समान हिस्से करतात. फ्रिज, स्कूटर आणि पक्की फरशी असलेलं साधं शहरी घरही वरच्या हिश्श्यात बसू शकतं. म्हणून तिथेही 23 टक्के, दोन-तीन नव्हेत.

त्याला आणखी एक कारण आहे, आईची स्वतःची उंची. 2016 मध्ये कोर्सी, सुब्रमण्यन आदींच्या भारतीय अभ्यासात वाढ खुंटण्याच्या पाच मोठ्या कारणांत आईचं अशिक्षित असणं आणि घरची गरिबी होतीच, पण त्यांच्या बरोबरीने आईचा बुटकेपणाही होता. आईची उंची ठरते तिच्या बालपणी, तिच्या आईच्या घरात. फ्रिज आज येतो, ती उंची मात्र पंचवीस वर्षांपूर्वीची असते.

जपानमध्ये हे स्पष्ट दिसतं. 1900 मध्ये इथल्या 17 वर्षांच्या मुलांची सरासरी उंची 157.9 सेंटीमीटर होती, आता ती 170 च्या वर आहे. वंश तोच, पण पिढ्या बऱ्याच लागल्या.

महाराष्ट्रात 2015-16 ला हा आकडा 34.4 होता. पुढच्या चार वर्षांत दहावीपर्यंत शिकलेल्या बायका वाढल्या, तरी तो 35.2 झाला, म्हणजे जवळजवळ जागचा हलला नाही. ‘मुली शिकवून काय फरक पडला?’ असं कुणी विचारलं, तर 2019 मध्ये पंचविशीत असलेल्या आयांचं बालपण आठवावं. त्या जन्मल्या 1994 च्या सुमारास, आणि त्यांची उंची तेव्हाच्या पाण्याने आणि तेव्हाच्या ताटाने ठरवली आहे.