परिषद संपली, आता काय विचारायचं?

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण परिषदेच्या आखणीबद्दल बोललो. आज बोलायचंय ते शेवटच्या दिवशी वाटल्या जाणाऱ्या अभिप्राय फॉर्मबद्दल. आम्ही बांधकाम अभियंत्यांच्या दोन दिवसांच्या परिषदेचं काम बरीच वर्षं पाहतो आहोत. सुरुवातीच्या आमच्या फॉर्मवरचा पहिला प्रश्न होता : ‘परिषद कशी वाटली? उत्तम, चांगली, बरी.’ बहुतेकांनी ‘चांगली’वर खूण केली. आम्ही खूश झालो, कागद फायलीत लावले आणि पुढच्या वर्षीची आखणी करायला बसलो तेव्हा त्या फायलीतून काहीच हाती लागेना. चहाच्या रांगेत मात्र लोक अगदी नेमकं बोलत होते. ‘मला हवी ती दोन्ही सत्रं एकाच वेळी होती हो!’ ही तक्रार फॉर्मवर कुठेच आली नव्हती, कारण ती लिहायला जागाच नव्हती.

तेव्हापासून आम्ही एक सवय लावून घेतली. प्रश्न लिहिला की त्याच्यासमोर दोन ओळी लिहायच्या. बहुतेकांनी ‘हो’ म्हटलं तर आपण काय करणार? ‘नाही’ म्हटलं तर काय करणार? दोन्हीकडे एकच उत्तर येत असेल, तर प्रश्न खोडायचा. ‘सभागृह आवडलं का?’ हा प्रश्न असाच गेला, कारण सभागृहाचा करार आधीच तीन वर्षांचा झाला होता. विचारून करणार काय?

‘वेळापत्रक सोयीचं होतं का?’ या प्रश्नाचं रूप मात्र बदललं. नवा प्रश्न असा : ‘एकाच वेळी दोन सत्रं असल्यामुळे तुम्हांला हवं असलेलं एखादं सत्र हुकलं का? हुकलं असल्यास कोणतं?’ आता बघा, उत्तरात मत नाही, घडलेली गोष्ट आहे. भूकंपरोधक रचना आणि जुन्या इमारतींची दुरुस्ती ही जोडी पुन्हा पुन्हा आली, की ती दोन सत्रं पुढच्या वेळी वेगवेगळ्या वेळी ठेवायची, एवढं सरळ.

आणखी एक चूक आमची हमखास व्हायची. ‘विषय आणि वक्ते आवडले का?’ विषय आवडला पण वक्त्यांनी नुसत्या स्लाइड वाचून दाखवल्या, असं ज्याला वाटतं त्याने खूण कुठे करायची? तो मधली खूण करतो, आणि आपल्याला वाटतं की सगळंच बेताचं झालं. ‘आणि’ दिसला की प्रश्न तोडायचा.

आता आकड्यांकडे येऊ. समजा, 300 जण आले, त्यातल्या 60 जणांनी फॉर्म भरला आणि 48 जण समाधानी आहेत. आपण अहवालात लिहितो, ‘80 टक्के समाधानी’. पण हे 80 टक्के फॉर्म भरणाऱ्यांचे आहेत. उरलेल्या 240 जणांचं काय? दुसऱ्या दिवशी जेवणानंतर निघून गेलेले लोक समारोपाच्या वेळी वाटलेला फॉर्म भरूच शकत नाहीत, आणि आपल्याला सर्वांत जास्त ऐकायचं असतं ते त्यांचंच! म्हणून प्रत्येक सत्र संपताच दारात क्यूआर कोड ठेवायचा, दोनच प्रश्नांचा. शिवाय नोंदणीच्या यादीतून फॉर्म न भरलेल्या दहा-बारा जणांना आठवड्याच्या आत फोन करायचा. यावरून टक्केवारी काढायची नाही. फॉर्ममध्ये न आलेलं काही ऐकू येतं का, एवढंच पाहायचं.

फॉर्मच्या सुरुवातीलाच विचारा, ‘या परिषदेला तुम्ही पहिल्यांदा आलात का?’ हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. पण एखाद्या कार्यशाळेला पाचपैकी सरासरी तीन गुण मिळाले आणि उत्तरं वेगळी काढली, तर कधीकधी नवख्यांचे दोन आणि जुन्यांचे चार निघतात. दोन्ही गट सारख्याच संख्येने असले की सरासरी बरोबर तीन! कार्यशाळा ‘बरी’ नव्हतीच. ती निम्म्या लोकांच्या डोक्यावरून गेली होती. अशा वेळी वक्ता बदलण्यात अर्थ नाही, नवख्यांसाठी आदल्या तासाला वेगळी ओळख ठेवायची.

मोकळा प्रश्न आम्ही एकच ठेवतो. ‘काही सूचना?’ असं विचारलं की ‘आयोजन छान’ असं येतं. त्याऐवजी, ‘पुढच्या वर्षी एकच गोष्ट बदलायची असेल तर कोणती?’ असं विचारतो. ही उत्तरं दोघांनी स्वतंत्र वाचायची आणि आपापले गट पाडायचे. दोघांचे गट जुळले नाहीत तिथे मूळ उत्तर पुन्हा वाचायचं. एकट्याने वाचलं की आपल्या मनात आधीच असलेली तक्रारच जास्त दिसते, हा आमचा स्वतःचा अनुभव. नाव लिहिणं ऐच्छिक ठेवा. ज्याला उत्तर हवंय तो लिहितोच.

आणि पुढच्या निमंत्रणात पहिल्या परिच्छेदातच सांगा की गेल्या वेळच्या फॉर्मवरून काय बदललं, आणि काय बदलता आलं नाही व का.