पहिला धनादेश आणि मोठा आकडा

ऑगस्ट १९९८. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो गावात, स्टॅनफर्डचे प्राध्यापक डेव्हिड चेरिटन यांच्या घराच्या ओसरीवर दोन विद्यार्थी आपलं शोधयंत्र दाखवत होते. समोर होते सन मायक्रोसिस्टिम्सचे एक संस्थापक अँडी बेक्टोल्शाइम. त्यांना घाई होती. थोडंसं पाहून झाल्यावर त्यांनी गाडीतून धनादेश-पुस्तिका आणली आणि एक लाख डॉलरचा धनादेश लिहून दिला. नाव घातलं ‘गूगल इन्कॉर्पोरेटेड’. त्या नावाची कंपनी तेव्हा नव्हती आणि तिचं बँकखातंही नव्हतं. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांना तो धनादेश टेबलाच्या खणात ठेवून आधी कंपनीची नोंदणी करावी लागली. ती झाली ४ सप्टेंबरला.

पुढच्या वर्षी, ७ जून १९९९ रोजी, गूगलने जाहीर केलं की सिक्वोया कॅपिटल आणि क्लायनर पर्किन्स या दोन मोठ्या गुंतवणूक संस्थांकडून अडीच कोटी डॉलर मिळाले आहेत. बातमी या आकड्याची झाली. पण त्याच निवेदनात आधीच्या गुंतवणूकदारांचीही नावं होती: बेक्टोल्शाइम आणि मूळचे चेन्नईचे राम श्रीराम. अडीच कोटींपुढे एक लाख ही रक्कम अगदी किरकोळ दिसते. तरीही ते नाव तिथे का असावं?

आज आपल्याकडेही अशी निवेदनं नेहमी वाचायला मिळतात. पुण्या-बंगळुरूतली एखादी नवी कंपनी ‘फंडिंग राउंड’ जाहीर करते. संस्थापक आकडा सांगतो, सुरुवातीला विश्वास टाकणाऱ्यांचे आभार मानतो आणि ‘आमचे पाय जमिनीवर आहेत, खरं काम आता सुरू होतंय’ असं लिहितो. ओळखीचे लोक पेढे मागतात. आभार आणि नम्रता हे शिष्टाचाराचे शब्द आहेत असं समजून आपण पुढे सरकतो. खरं तर त्या दोन्हींमागे रोकडा हिशोब असतो.

हा पैसा नफा नव्हे आणि बक्षीसही नव्हे. तो कर्जही नाही, त्यामुळे त्याचा हप्ता नसतो. पैसे देणारा कंपनीत वाटेकरी होतो. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका कंपनीचे एकूण १ लाख शेअर आहेत. पहिल्या गुंतवणूकदाराने २० लाख रुपये दिले आणि त्यातले १० हजार शेअर, म्हणजे १० टक्के वाटा घेतला. त्याला एक शेअर २०० रुपयांना पडला. तेव्हा कंपनीकडे दाखवायला होतं काय? एक कच्चं सॉफ्टवेअर, चार-पाच ग्राहक आणि दोन मुलांचा उत्साह.

दोन वर्षांनी कंपनीचा जम बसला. एक मोठी संस्था म्हणाली, आज तुमच्या कंपनीची किंमत आम्ही २० कोटी धरतो आणि वर ५ कोटी घालतो. २० कोटींना एक लाखाने भागलं की शेअरचा भाव निघतो २,००० रुपये. पाच कोटींचे झाले २५ हजार नवे शेअर. आता एकूण शेअर सव्वा लाख आणि कंपनीची किंमत २५ कोटी. नव्या संस्थेचा वाटा २० टक्के. पहिल्या गुंतवणूकदाराचे शेअर तेवढेच राहिले, पण त्याचा वाटा १० वरून ८ टक्क्यांवर आला. संस्थापकांचा ९० वरून ७२ वर उतरला. कागदावर पहिल्या गुंतवणूकदाराच्या वीस लाखांचे दोन कोटी झाले, पण ते कागदावरच. ते शेअर विकत घेणारा कोणी भेटेपर्यंत त्यातला एक रुपयाही त्याच्या हाती येत नाही.

एकच शेअर आधी २०० रुपयांना गेला आणि नंतर २,००० रुपयांना. या फरकात जोखीम मोजलेली असते. मोठी संस्था येते तेव्हा तिच्यासमोर विक्रीचे आकडे असतात, वकील असतात आणि महिनाभर हिशोब तपासण्याची मुभा असते. पहिला माणूस बहुतेक वेळा फक्त समोरच्या मुलांकडे बघून पैसे देतो. शिवाय त्याने दिलेल्या वेळामुळेच कंपनी दुसऱ्या फेरीपर्यंत तग धरते. आभारांचा अर्थ हा.

आता नम्रतेकडे येऊ. मोठ्या संस्थेच्या करारात बहुधा एक अट असते: कंपनी विकली गेली, तर आमचे घातलेले पैसे आधी परत. त्या बदल्यात संस्था आपल्या टक्केवारीचा वाटा सोडते. टक्केवारीने जास्त मिळणार असेल, तर तोही मार्ग तिला खुला असतो. आपल्या उदाहरणातली कंपनी पुढे अडखळली आणि ८ कोटींना विकावी लागली असं धरा. २० टक्क्यांनी संस्थेला १ कोटी ६० लाखच मिळाले असते. म्हणून ती आधी आपले ५ कोटी उचलते. उरलेले ३ कोटी जुन्या एक लाख शेअरांत वाटले जातात. पहिल्या गुंतवणूकदाराचे शेअर साधे असतील, तर त्याला ३० लाख मिळतात. कागदावरचे दोन कोटी ते हेच. आणि विक्री ४ कोटींनाच झाली तर? सगळे चार कोटी नव्या संस्थेकडे जातात. पहिल्याला आणि संस्थापकांना काहीच उरत नाही.

म्हणजे जितकी मोठी रक्कम घ्यावी, तितकी बाकीच्यांना रांगेत मागे ढकलणारी भिंत उंच होते. ज्यांनी आधी पैसे टाकले, ते या भिंतीच्या मागे उभे असतात. संस्थापक ‘काम आता सुरू होतंय’ म्हणतो, तेव्हा समजून म्हणत असेल तर तो हेच सांगत असतो.

निवेदनात अटी छापल्या जात नाहीत. गूगलच्या निवेदनात दोन्ही संस्थांचे प्रतिनिधी, मायकल मॉरिट्झ आणि जॉन डोर, संचालक मंडळावर येणार हे होतं. पण कंपनी चालवायला एखादा अनुभवी माणूस आणायचा, हा गुंतवणूकदारांचा आग्रहही त्या पैशाबरोबर आला होता. संस्थापकांनी तो बराच काळ लांबवला. अखेर २००१ मध्ये एरिक श्मिट आले आणि मुख्याधिकारी झाले. पैशासोबत कुणाचा तरी शब्द मानण्याची बांधिलकी येते, ती अशी.

सामान्य वाचकाला यातलं काय तपासता येतं? जाहीर झालेली रक्कम कधी कधी टप्प्याटप्प्याने, ठरलेली कामगिरी झाल्यावरच येते. काही वेळा तिच्यात कर्जाचा भाग मिसळलेला असतो. जुन्या शेअरधारकाने आपले शेअर नव्याला विकले असतील, तर ते पैसे कंपनीला मिळतच नाहीत. भारतातल्या खासगी कंपनीने अशा गुंतवणुकीपोटी नवे शेअर दिले, की १५ दिवसांत कंपनी निबंधकांकडे पीएएस-३ हे विवरणपत्र भरावं लागतं. किती शेअर, कोणत्या भावाने दिले हे त्यात असतं आणि शुल्क भरून कुणालाही ते पाहता येतं. निवेदनातला आकडा आणि या कागदातला आकडा जुळला, तर पैसे आले असं समजावं.

आभारांचीही कसोटी अशीच लावता येते. ‘सर्व हितचिंतकांचे आभार’ हे वाक्य कुणीही लिहू शकतो. खरे आभार नाव घेऊन मानलेले असतात, आणि त्या माणसाने कोणत्या वेळी काय केलं हे त्यात सांगितलेलं असतं: पहिला पगार कुणाच्या पैशातून झाला, पहिला ग्राहक कुणी मिळवून दिला, कुणी कोणता निर्णय चुकतोय म्हणून अडवलं. असे तपशील लिहायला संस्थापकाला रिकाम्या खात्याचे दिवस आठवावे लागतात, आणि ते आठवले की मोठ्या आकड्याची नशाही आपोआप उतरते.

सिक्वोया आणि क्लायनर पर्किन्स यांनी पैसे दिले तेव्हा गूगलकडे कंपनी होती, खातं होतं, माणसं होती आणि वापरणारे लोक होते. बेक्टोल्शाइम यांच्या धनादेशावर जे नाव होतं, ते तेव्हा कुठल्याच दप्तरात नव्हतं. तो धनादेश खात्यात भरता यावा म्हणून कंपनी नोंदवावी लागली. त्या निवेदनात अडीच कोटींच्या बरोबरीने त्यांचं नाव आलं, ते याच हिशोबाने.