फ्लॅट कुणाचा, ताबा कुणाचा?

कोथरूडमधला दोन खोल्यांचा एक फ्लॅट डोळ्यांसमोर आणा. तो एका निवृत्त शिक्षिकेच्या नावावर आहे. खरेदीचा दस्त दुय्यम निबंधकांकडे नोंदलेला आहे आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेटही त्यांच्याच नावाचं आहे. बाई आता मुलाकडे बंगळूरला राहतात. सुरुवातीची काही वर्षं फ्लॅटमध्ये त्यांचा भाचा राहत होता. तो भाडं देत नव्हता, फक्त घर सांभाळायचा आणि लाइटबिल भरायचा. पुढे त्यांनी तो फ्लॅट एका जोडप्याला 11 महिन्यांसाठी, महिना 22 हजार रुपयांवर दिला. या सगळ्या काळात मालकी बाईंचीच होती. राहणारे मात्र दोन वेगवेगळ्या नात्यांनी राहिले आणि त्यांचे हक्कही वेगवेगळे ठरले.

मालकी म्हणजे घर विकण्याचा, गहाण ठेवण्याचा, दुसऱ्याला राहायला देण्याचा हक्क. ती नोंदणीकृत दस्तावरून आणि वारसाहक्कावरून ठरते. लाइटबिल, मेन्टेनन्सच्या पावत्या किंवा आधार कार्डावरचा पत्ता यांवरून माणूस तिथे राहतो एवढंच कळतं, मालकी सिद्ध होत नाही. सोसायटीच्या नोंदीत ‘नॉमिनी’ म्हणून नाव लागलं तरी तेवढ्याने कुणी मालक होत नाही. खरे हक्कदार कोण, हे वारसाहक्काच्या कायद्यानेच ठरतं.

ताबा ही प्रत्यक्षातली स्थिती आहे. किल्ली कुणाकडे आहे आणि इतरांना घरात येऊ द्यायचं की नाही हे कोण ठरवतं, यावरून ती कळते. मालकी नसलेल्याचा ताबाही कायदा वाऱ्यावर सोडत नाही. 1963 च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 6 नुसार, कायदेशीर मार्ग न धरता कुणाला स्थावर मालमत्तेच्या ताब्यातून हुसकावलं, तर तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो. त्या दाव्यात मालक कोण, हा प्रश्न घेतलाच जात नाही. मालकीचा वाद वेगळ्या दाव्यात लढता येतो. घर स्वतःचं असलं तरी आतल्या माणसाला धक्के मारून बाहेर काढता येत नाही, यामागे हेच तत्त्व आहे.

मग भाच्याचं काय? समजा, दहा-बारा वर्षांनंतर तो म्हणाला की मी इतकी वर्षं राहिलो, आता घर माझं. बारा वर्षं राहिलं की घर राहणाऱ्याचं होतं, ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. ती अर्धवट आहे. बारा वर्षांचा नियम लागू होण्यासाठी ताबा मालकाच्या विरोधात, उघडपणे आणि सलग असावा लागतो. मालकाच्या परवानगीने सुरू झालेलं राहणं नुसती वर्षं उलटल्यामुळे विरोधी ताबा होत नाही. गोव्यातल्या एका घरावरून बहीण-भावात झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये हे फार स्पष्ट केलं. मालकाच्या वतीने घर सांभाळणारा, राखणदार किंवा नोकर कितीही वर्षं तिथे राहिला, तरी त्याला मालमत्तेत हक्क मिळत नाही, कारण त्याचा ताबा मालकाच्याच वतीने असतो. मात्र भाच्याला कशासाठी ठेवलं होतं हे सिद्ध करण्याची वेळ आली, की दोन ओळींची चिठ्ठीही मोलाची ठरते. घरच्याच माणसाकडून असा कागद घ्यायला लोक संकोचतात आणि पुढे कोर्टात आठवणींवर भांडतात.

आता त्या जोडप्याकडे वळू. बोलताना आपण त्यांना भाडेकरू म्हणतो. पण भाडेपट्ट्यामध्ये घराच्या उपभोगाचा हक्कच काही काळासाठी भाडेकरूकडे जातो. लिव्ह अँड लायसन्समध्ये फक्त राहण्याची परवानगी मिळते, घरात हक्क निर्माण होत नाही. महाराष्ट्रात हा फरक महत्त्वाचा ठरतो, कारण भाडेकरूला भाडेनियंत्रण कायद्याचं संरक्षण आहे. भाडं वर्षाला चार टक्क्यांपर्यंतच वाढवता येतं आणि घर खाली करून घ्यायला थकबाकी, पोटभाडेकरू ठेवणं, मालकाची स्वतःची खरी गरज अशी कायद्यात सांगितलेलीच कारणं दाखवावी लागतात. मुंबई-पुण्यात त्यासाठी लघुवाद न्यायालयात जावं लागतं आणि वर्षं जातात.

घरमालकांच्या मनातली भीती जुनी आहे. मुंबई भाडे कायद्यात 1973 साली दुरुस्ती झाली आणि 1 फेब्रुवारी 1973 रोजी लायसन्सवर राहत असलेले लोक एका फटक्यात भाडेकरू मानले गेले. त्यानंतर अनेकांनी रिकामी घरं कुलूपबंद ठेवणं पसंत केलं. 1999 च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने यातून वाट काढली. कलम 24 नुसार, राहण्यासाठी दिलेल्या घराच्या लायसन्सची मुदत संपली की लायसन्सधारकाने घर सोडलंच पाहिजे. सोडलं नाही तर मालकाने शासनाने नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. आपल्या उदाहरणात ती महिन्याला 44 हजार होईल. लेखी करारात जे लिहिलं आहे, तो त्या प्राधिकाऱ्यापुढे निर्णायक पुरावा मानला जातो.

ही सोय कागदावर उभी आहे. कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती टाळल्यास मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अकरा महिन्यांचा करार नोंदवायची गरज नाही, हा समज आपल्या राज्यात चुकीचा आहे. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नाही आणि पोलीस ठाण्यात दिलेली भाडेकरूची माहिती म्हणजेही नोंदणी नाही. नोंदणीकृत करार नसेल, तर घर कोणत्या अटींवर दिलं याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं आणि ते खोटं ठरवण्याचा भार मालकावर येतो. बाईंनी नोंदणी केली नसती आणि जोडप्याने ‘आम्ही भाडेकरू आहोत’ असा दावा केला असता, तर कलम 24 ची सोपी वाट सोडून त्यांना लांबच्या दाव्यात पडावं लागलं असतं. अशा वेळी चिडून कुलूप बदललं, तर सामान आणि ताबा या दोन्हींवरून नवी तक्रार ओढवते.

कागदाचं शीर्षकही सगळं ठरवत नाही. दिल्लीच्या एका हॉटेलातल्या खोल्यांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने 1959 मध्ये सांगितलं की कराराला काय नाव दिलं यापेक्षा त्यातून प्रत्यक्षात काय दिलं गेलं हे पाहायचं. एकट्याने घर वापरण्याचा पूर्ण ताबा दिलेला असणं, ही भाडेपट्ट्याकडे झुकणारी खूण असते, मात्र दोघांचा हेतू काय होता हे शेवटी ठरवणारं असतं. म्हणून कराराचा मसुदा छापील नमुन्यातून न वाचता उचलू नये.

राहायला येणाऱ्यांनीही आपल्या बाजूने पाहावं. घर देणाऱ्याचं नाव दस्तावर आहे का, त्याला देण्याचा अधिकार आहे का, हे डिपॉझिट देण्यापूर्वी तपासावं. डिपॉझिटची रक्कम, ती परत मिळण्याची वेळ आणि नोटिशीचा काळ करारात लिहून घ्यावा. नोंदणी झालेल्या कराराची प्रत जवळ ठेवावी. त्याच प्रतीमुळे मुदतीच्या आत मनमानीने बाहेर काढणाऱ्या मालकाला उत्तर देता येतं.

घराची किल्ली दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी तो कोणत्या नात्याने आत येतोय, हे कागदावर लिहा आणि करार नोंदवा. भाचा असो की अनोळखी जोडपं, किल्ली नंतर द्या.